डॉग वॉकिंगचा व्यवसाय सुरू करताय? आधी ठरवा, एका वेळी हातात कुत्रे किती!

घरात लॅब्रेडॉर आहे, नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात, आजोबांचे गुडघे दुखतात. मग त्या कुत्र्याला रोज फिरवायचं कोणी? शहरातल्या सोसायट्यांमध्ये आता हा प्रश्न सोडवायला डॉग वॉकर येतो. महिन्याचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि रोज ठरलेल्या वेळी कुत्र्याला फिरवून आणायचं. दुकान नको, मोठं भांडवल नको, सकाळ-संध्याकाळचं काम आणि मधला दिवस मोकळा. कॉलेजात शिकणाऱ्यांना, निवृत्त झालेल्यांना किंवा जोडधंदा शोधणाऱ्यांना हे आकर्षक वाटणं साहजिक आहे.

सुरुवातही सोपी असते. पहिला कुत्रा ओळखीतून मिळतो, दुसरा त्याच सोसायटीतून. मग तिसऱ्याचा फोन येतो. वेळ तर संपलेला असतो, म्हणून तिसरा त्याच फेरीत घेतला जातो. मग चौथा. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये एक माणूस सहा-सात कुत्र्यांचा ताफा घेऊन ऐटीत चालताना दिसतो, त्यामुळे यात काही वावगंही वाटत नाही.

पण ज्या शहरांत असे ताफे दिसतात, तिथे त्यालाही कायद्याची मर्यादा असते. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पैसे घेऊन चार किंवा जास्त कुत्रे एकत्र फिरवायचे तर परमिट लागतं आणि परमिट असलं तरी एका वेळी आठच्या वर कुत्रे नेता येत नाहीत. कॅनडातल्या टोरांटोमध्ये एका माणसाला तीनच कुत्रे फिरवता येतात; व्यावसायिक परमिट घेतलं तर सहा.

मग पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात किती? आपल्याकडे हा आकडा वॉकरला स्वतःच ठरवावा लागतो. आणि आपल्या रस्त्यांसाठी त्याचं सुरक्षित उत्तर आहे, जास्तीत जास्त दोन. तेही एकमेकांना ओळखणारे दोन. असं का, आणि या नियमावर पोट भरतं का, ते नीट पाहूया.

तिसरा कुत्रा आला की काय बिघडतं?

पहिलं कारण आहे रस्त्यावरचे कुत्रे. आपल्या शहरांत जवळपास प्रत्येक गल्लीत भटक्या कुत्र्यांची एखादी टोळी असते आणि त्या टोळीची हद्द ठरलेली असते. एक पाळीव कुत्रा मालकाबरोबर शांतपणे निघून गेला तर टोळी बऱ्याचदा भुंकून गप्प बसते. पण अनोळखी चार कुत्रे एकदम आले की तिच्या दृष्टीने ती दुसरी टोळी असते, आणि ती आपल्या हद्दीत शिरलेली असते.

दुसरं कारण फारसं कोणाला माहीत नसतं. समोरच्या कुत्र्यावर धावून जायचंय, पण लीशमुळे जाता येत नाही, अशा वेळी खवळलेला कुत्रा जे सर्वात जवळ असेल त्याला चावतो. म्हणजे शेजारच्या कुत्र्याला, नाहीतर लीश धरणाऱ्याच्या मांडीला किंवा हाताला. त्याला माणसाचा राग आलेला नसतो. उसळलेला आवेश जवळच्यावर निघतो, एवढंच. एरवी गायीसारखे गरीब असणारे, एकत्र वाढलेले दोन कुत्रेही अशा क्षणी एकमेकांना फोडू शकतात. हातात जितके कुत्रे जास्त, तितके हे ‘जवळचे’ जास्त.

तिसरं कारण अगदी साधं आहे. माणसाला हात दोनच असतात. एका कुत्र्याने शी केली की ती उचलायला एक हात मोकळा लागतो. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटात सगळ्या लीश एकाच हातात येतात. तीस किलोचा लॅब्रेडॉर आणि पंचवीस किलोचा इंडी एका हातात धरून वाकलेलं असताना समोरून मांजर गेली तर? हीच खरी परीक्षा आहे. ज्या जोडीला एका हाताने, तोल न जाता थांबवता येत नाही ती जोडी त्या वॉकरसाठी नाही, मग कुत्रे दोनच का असेनात.

पण मग कमाई होणार कशी?

दोनचा नियम ऐकून बहुतेक जण म्हणतात, असं केलं तर धंदा कसा व्हायचा? कागद-पेन्सिल घेतली की वेगळंच चित्र दिसतं.

समजा, कोथरूडमधल्या एका गल्लीतल्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये एक जण काम सुरू करतो. सकाळी सहा ते नऊ वीस, म्हणजे त्याच्याकडे 200 मिनिटं आहेत. प्रत्येक कुत्रा अर्धा तास फिरायला हवा. आता विसरला जाणारा भाग. प्रत्येक घरी जाऊन बेल वाजवणं, पट्टा-हार्नेस घालणं, लिफ्टने खाली येणं, याला पाच मिनिटं लागतात. परत सोडताना पाय पुसणं, पाणी दाखवणं, दार बंद झाल्याची खात्री करणं, याला आणखी पाच. म्हणजे दर कुत्र्यामागे दहा मिनिटं नुसत्या ने-आणीत जातात.

एकेकटा कुत्रा फिरवला तर एक फेरी 40 मिनिटांची होते. 200 मिनिटांत पाच कुत्रे. एकट्याने फिरवण्याचे महिन्याला 4,500 रुपये धरले तर 22,500 रुपये झाले.

जोडीने फिरवलं तर ने-आणीची 20 आणि चालण्याची 30, अशी 50 मिनिटांची फेरी होते. 200 मिनिटांत चार फेऱ्या, म्हणजे आठ कुत्रे. जोडीतल्या प्रत्येक कुत्र्याचे 3,000 रुपये धरले तर 24,000 रुपये.

आता चार-चारचा ताफा घेऊ. ने-आणीलाच 40 मिनिटं, वर चालणं 30, म्हणजे फेरी 70 मिनिटांची. अशा दोन फेऱ्यांत 140 मिनिटं जातात. उरलेल्या तासात फार तर एक जोडी बसते. एकूण कुत्रे दहा. तोच 3,000 चा दर धरला तर 30,000 रुपये.

म्हणजे हातातले कुत्रे दुप्पट केले, पण ग्राहक आठाचे सोळा झाले नाहीत, फक्त दहा झाले. कारण वेळ चालण्यात नाही, जिन्यात आणि लिफ्टमध्ये जातो. शिवाय ताफ्यातला पहिला कुत्रा उरलेले तीन गोळा होईपर्यंत पंधरा मिनिटं नुसता दारोदार ताटकळतो. चौथ्या कुत्र्याच्या दारात उभं असताना आधीचे तीन त्याच अरुंद पॅसेजमध्ये असतात आणि मारामारीसाठी याहून वाईट जागा नाही.

वरचे दर उदाहरणापुरते आहेत. भागाप्रमाणे ते कमी-जास्त होतील, पण हिशोबाची पद्धत बदलत नाही. महिन्याला सहा हजार जास्त मिळवण्यासाठी अख्ख्या धंद्याचा जोखीमभाग वाढवायचा का, हा प्रश्न त्यातून स्वच्छ समोर येतो. एक मोठी जखम झाली तर टाके, औषधं आणि सोडून गेलेले ग्राहक मिळून हा फरक कधीच खाऊन टाकतात.

कमाई वाढवायची असेल तर त्याचा सुरक्षित मार्ग आहे घरं जवळ आणणं. एकाच इमारतीतले दोन कुत्रे मिळाले की ने-आणीची मिनिटं कमी होतात. म्हणून लांबच्या तिसऱ्या ग्राहकापेक्षा समोरच्या विंगमधला ग्राहक जास्त मोलाचा. संध्याकाळचीही फेरी घेता येते, पण शरीराची मर्यादा लक्षात ठेवावी. अर्ध्या तासात साधारण दोन किलोमीटर चालणं होतं. सकाळी चार आणि संध्याकाळी चार फेऱ्या म्हणजे रोजचे सोळा किलोमीटर. थकलेल्या हातातून लीश सुटते. त्यामुळे पहिला महिना फक्त सकाळचं काम घेतलेलं बरं.

कुत्रा घेण्याआधी विचारायचे प्रश्न

‘आमचा टायगर कोणालाच काही करत नाही,’ हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो. त्यात खोटेपणा नसतो. मालकासमोर टायगर खरंच तसा असतो. म्हणून ‘चावतो का?’ असं विचारून उपयोग नाही. प्रश्न असे विचारावेत: कधी कोणाला दात लागलेत का, खेळतानासुद्धा? डॉक्टरकडे तोंडाला मुसकं बांधावं लागतं का? खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का? फटाके वाजले की काय करतो? आधीचा वॉकर का बंद झाला? या पाच प्रश्नांच्या उत्तरांतून बराचसा स्वभाव कळतो.

त्यानंतर कागद. रेबीजची लस कधी दिली आणि पुढची कधी आहे, हे लसीकरणाच्या पुस्तिकेत स्वतः पाहावं आणि फोटो काढून ठेवावा. पुणे महापालिकेत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, त्याचीही प्रत मागावी. लसीची तारीख उलटली असेल तर लस होईपर्यंत काम सुरू करू नये. पिल्लाच्या सुरुवातीच्या लसी पूर्ण व्हायच्या असतील तर त्याला इतर कुत्र्यांबरोबर रस्त्यावर नेणं टाळावं. अंगावर गोचीड दिसली तर आधी उपचार, मगच जोडी. नाहीतर एका घरातली गोचीड महिनाभरात आठ घरांत पोचते आणि गोचिडतापाचं खापर वॉकरवर फुटतं.

जोडी जमवायलाही पद्धत आहे. पहिल्या दिवशी मालकासह फिरावं. पुढचे दोन-तीन दिवस कुत्र्याला एकट्यालाच न्यावं आणि तो लीश किती ओढतो, कशाला बिचकतो ते पाहावं. मग दोघांची भेट कोणाच्याही घरात न घालता मोकळ्या जागी घालावी. दोन कुत्रे, दोन माणसं, मध्ये दहा-पंधरा फुटांचं अंतर आणि दोघांनी एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर आणून ‘हॅलो’ करायला लावायचं नाही.

अंग सैल आहे, मध्येच जमीन हुंगतायत, मान दुसरीकडे वळवतायत, तर हळूहळू अंतर कमी करावं. अंग ताठ, शेपूट काठीसारखी वर आणि नजर एकमेकांवर खिळलेली दिसली तर तिथेच थांबावं. गुरगुरण्याची वाट पाहू नये. बरेच कुत्रे गुरगुरण्याआधी असे ताठ होतात.

काही जोड्या मुळातच नकोत. एकाचं वजन दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असेल तर खेळातही लहान कुत्रा जखमी होतो. नसबंदी न झालेले दोन नर एकत्र अवघड जातात. आणि माजावर आलेली मादी तर कोणाबरोबरच नेऊ नये. एकटीला नेलं तरी अख्ख्या गल्लीतले नर मागे लागतात. त्या दिवसांत तिला गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारातच फिरवलेलं चांगलं.

रस्त्यावरचे नियम

लीश साधी, चार ते पाच फुटांची आणि न ताणणारी घ्यावी. बटण दाबलं की पंधरा फूट लांब होणारी लीश गर्दीच्या रस्त्यावर घातक ठरते, कारण कुत्रा एका क्षणात रिक्षाखाली पोचतो. गळा आवळणारी साखळी नको. हार्नेस आणि गळ्यातला पट्टा या दोन्हींना लीश जोडली तर एक सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. घाबरलेला कुत्रा मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढून घेतो आणि बहुतेक कुत्रे असेच पळतात. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकीच जागा असावी.

लीशचा फास अंगठ्यात अडकवून मूठ बंद करावी. बोटांना किंवा मनगटाला वेटोळे घालू नयेत. कुत्र्याने झेप घेतली तर बोट मोडतं. कमरेला बांधणं तर त्याहून वाईट, कारण मग माणूसच ओढला जातो.

घराचं दार उघडण्याआधी लीश लागलेली असावी आणि लीश काढावी ती दार बंद झाल्यावर. लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहावी. दोघांपैकी एकाला खाली गेटपाशी बांधून दुसऱ्याला आणायला वर जाणं कटाक्षाने टाळावं. वॉचमन कितीही ओळखीचा असला तरी ते त्याचं काम नाही.

रस्ता आधी एकट्याने, कुत्र्याशिवाय पाहून घ्यावा. तीन दिवस त्याच वेळी चालून गेलं की कळतं, कुठल्या कोपऱ्यावर टोळी बसते, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, भटक्या कुत्र्यांना खायला घालणारी मंडळी कुठे आणि कधी येतात. खायला घालण्याची वेळ आणि जागा टाळली की निम्मे तंटे टळतात. त्या मंडळींशी ओळख करून घेतली तर आणखी चांगलं, कारण टोळीतला कुठला कुत्रा तापट आहे हे त्यांना नेमकं माहीत असतं.

टोळी समोर आलीच तर पळू नये आणि लीश एकदम खेचू नये. ताणलेली लीश कुत्र्याला सांगते की काहीतरी गडबड आहे. शांतपणे वळावं, रस्त्याची बाजू बदलावी किंवा उभ्या गाड्यांचा आडोसा घ्यावा. छोट्या कुत्र्याला उचलून छातीशी धरण्याचा मोह होतो, पण मग टोळी माणसाच्या अंगावर उड्या मारते. मागे छत्री एकदम उघडली तर बऱ्याच वेळा कुत्रे थबकतात आणि तेवढ्यात निघून जाता येतं.

उन्हाळ्यात घड्याळ बदलावं लागतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. चटका बसला तर पंजांनाही बसणार. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतरच्या फेऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्या, सावलीतल्या कराव्यात.

धापा थांबत नाहीत, तोंडातून घट्ट लाळ येतेय, हिरड्या लालभडक झाल्यात आणि पाय लटपटतायत, ही उष्माघाताची लक्षणं आहेत. लगेच सावलीत नेऊन पोट, काखा आणि पंजांवर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि थेट डॉक्टरकडे न्यावं. घरी सोडून ‘जरा दमलाय’ असं सांगितलं तर तो दगावू शकतो.

दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी, उजेड असतानाच संध्याकाळची फेरी संपवावी. पावसाळ्यात साठलेलं पाणी पिऊ देऊ नये, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि ओल्या विजेच्या खांबापाशी तर कुत्र्याला थांबूही देऊ नये.

करारात काय लिहायचं?

ओळखीतलं काम आहे, मग कागद कशाला, असं दोन्ही बाजूंना वाटतं. पण ज्या दिवशी काही घडतं त्या दिवशी ‘तुम्ही असं म्हणाला होतात’ याला काही किंमत नसते. दोन पानांचा, साध्या मराठीतला, दोघांच्या सह्यांचा करार पुरेसा आहे. त्यात पाच गोष्टी मात्र स्पष्ट असाव्यात.

पहिली, फिरवण्याची पद्धत. असं वाक्य चालेल: “कुत्र्याला कायम लीशवर ठेवले जाईल. एका वेळी जास्तीत जास्त दोन कुत्रे नेले जातील. जोडीदार कुत्रा कोणता, हे दोन्ही मालकांना आधी सांगून त्यांची लेखी संमती घेतली जाईल. जोडीदार बदलल्यास पुन्हा संमती घेतली जाईल.” या वाक्याचा फायदा वॉकरलाही होतो. तिसऱ्या कुत्र्यासाठी कोणी गळ घातली तर करार दाखवून नाही म्हणता येतं.

दुसरी, मालकाने दिलेली माहिती. लसीकरण, आजार, चालू औषधं आणि याआधी चावल्याचा प्रसंग, हे सगळं मालकाच्या सहीने लिहून घ्यावं. माहिती लपवली असेल तर होणाऱ्या खर्चाची जबाबदारी मालकाची, हेही लिहावं.

तिसरी, डॉक्टर. अपघात झाला आणि मालकाचा फोन लागला नाही तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि किती रुपयांपर्यंतच्या उपचाराला मालकाची आधीच परवानगी आहे, तो आकडा लिहून घ्यावा. ही ओळ नसेल तर वॉकर दवाखान्याच्या दारात फोन लावत बसतो.

चौथी, घराची किल्ली. किल्ली कोणाकडे राहील, तिच्यावर पत्ता लिहिलेला नसेल आणि काम संपल्यावर ती सहीने परत दिली जाईल, एवढं लिहिलं की पुरे.

पाचवी, पैसे आणि सुट्ट्या. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घ्यावेत. ऊन, मुसळधार पाऊस किंवा फटाके यांमुळे फेरी लहान केली किंवा रद्द केली तर काय, वॉकर आजारी पडला तर कोण येणार, आणि काम बंद करायला किती दिवस आधी सांगायचं, हे ठरवून घ्यावं. बदली माणूस मालकाला आधी भेटलेला असावा.

एक गोष्ट मात्र करारानेही होत नाही. करार वॉकर आणि मालक या दोघांत असतो. रस्त्यावर ज्याला कुत्रा चावला तो त्यात नसतो, त्यामुळे ‘वॉकर जबाबदार राहणार नाही’ असं कितीही ठळक लिहिलं तरी त्या माणसाला ते लागू होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 म्हणतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे ‘मालकीच्या’ नाही तर ‘ताब्यातल्या’ प्राण्याबद्दल म्हटलंय. आणि रस्त्यावर कुत्रा ज्याच्या हातातल्या लीशला असतो, ताबाही त्याचाच धरला जाऊ शकतो.

कुत्रा चावलाच तर?

दोन कुत्रे एकमेकांना भिडले तर त्यांच्या तोंडांच्या मध्ये हात घालू नये. बहुतेक वॉकर तिथेच चावून घेतात. तोंडावर पाणी मारावं, पिशवी किंवा छत्री मध्ये घालावी. पकड सुटली की एकाची लीश खांबाला किंवा गेटला अडकवून दुसऱ्याला लांब न्यावं. नंतर केसांखाली चाचपून पाहावं, कारण दाताचं भोक वरून बारीक दिसतं आणि आत खोल असतं.

माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. रेबीजची लस सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मिळते आणि जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून थांबू नये, निर्णय डॉक्टरांना घेऊ द्यावा. रोज अनेक कुत्र्यांत वावरणाऱ्या वॉकरने तर चावण्याआधीच घेता येणाऱ्या रेबीज लसीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग मालकाला फोन करावा, फोटो काढावेत आणि वेळ, जागा, काय घडलं हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. किरकोळ ओरखडाही लपवू नये. मालकाला तो दोन दिवसांनी आंघोळ घालताना दिसला तर विश्वास तिथेच संपतो.

नोंदणीचं काय?

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणीही ऑनलाइन आणि मोफत होते. व्यवसायाच्या नावाने बँकेत खातं उघडायला हे कागद उपयोगी पडतात.

व्यवसाय वाढला आणि फोन यायला लागले की तिसरा कुत्रा हातात घेण्याऐवजी दुसरा वॉकर शोधावा. त्यालाही हीच दोनची मर्यादा, हेच प्रश्न आणि हाच करार. आणि तोवर येणाऱ्या नव्या ग्राहकाला सरळ सांगावं, ‘सध्या जागा नाही, यादीत नाव लिहून ठेवतो.’ आपल्या कुत्र्याबरोबर आणखी चार कुत्रे ओढत नेणाऱ्यापेक्षा असं सांगणारा वॉकर मालकांना जास्त भरवशाचा वाटतो.

तुमच्या सोसायटीत डॉग वॉकर येतो का? तो एका वेळी किती कुत्रे नेतो, उद्या सकाळी जरा मोजून बघा आणि कमेंटमध्ये नक्की सांगा!